६०८ पेन्सची पहाट : टाटा-कोरस सौद्यात कोणत्या भागधारकाचे काय झाले?

३१ जानेवारी २००७. लंडनमध्ये मध्यरात्र उलटून गेली होती आणि मुंबईत पहाट होत होती. रात्रभर चाललेला एक लिलाव नुकताच संपला होता. कोरस ही ब्रिटिश-डच पोलाद कंपनी टाटा स्टीलने प्रत्येक समभागामागे ६०८ पेन्स देऊन जिंकली होती. सौद्याची किंमत सुमारे ६२० कोटी पौंड, म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने १२०० कोटी डॉलर्स. एखाद्या भारतीय कंपनीने परदेशात तोपर्यंत केलेली ही सर्वांत मोठी खरेदी होती. ज्या देशाने दीडशे वर्षे भारतावर राज्य केले, त्याच देशाचे पोलाद आता मुंबईच्या बॉम्बे हाउसमधून चालणार, या कल्पनेने वर्तमानपत्रांचे मथळे भारावून गेले.

काही तासांनी मुंबईचा शेअर बाजार उघडला आणि टाटा स्टीलचा भाव कोसळला. दिवसअखेर घसरण दहा टक्क्यांहून अधिक होती. कंपनीचे सुमारे तीन हजार कोटी रुपयांचे बाजारमूल्य एका दिवसात नाहीसे झाले. त्याच दिवशी लंडनमध्ये कोरसचा भाव उसळून सहाशे पेन्सच्या आसपास गेला. ब्राझीलची सीएसएन ही कंपनी लिलावात हरली होती, तरी तिचाही भाव वधारला.

जिंकणाऱ्याचा भाव पडला, जिंकला गेलेल्याचा चढला आणि हरलेल्याचाही चढला. हे विचित्र वाटते, पण कंपन्यांच्या ताबाखरेदीचा इतिहास पाहिला तर असे वारंवार घडलेले दिसते. त्यामागचे कारण समजून घेण्यासाठी कोरसच्या समभागाचीच कहाणी थोडी मागे जाऊन पाहावी लागते, कारण या एका समभागाने ताबा आणि विलीनीकरण यांची बहुतेक रूपे अनुभवली आहेत.

कोरसचा मोठा हिस्सा म्हणजे जुनी ब्रिटिश स्टील. ही सरकारी कंपनी मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने डिसेंबर १९८८ मध्ये जनतेला विकली. भाव होता १२५ पेन्स. एखाद्या सामान्य ब्रिटिश कुटुंबाने तेव्हा २०० समभाग घेतले असते, तर त्याला २५० पौंड मोजावे लागले असते. हे काल्पनिक कुटुंब आणि त्याचे २०० समभाग लक्षात ठेवावेत. त्यांच्यासोबत अठरा वर्षांचा प्रवास करायचा आहे.

ऑक्टोबर १९९९ मध्ये ब्रिटिश स्टील आणि नेदरलँड्समधील हूगोव्हन्स या कंपन्या एकत्र आल्या आणि कोरस जन्माला आली. हे विलीनीकरण समभागांच्या अदलाबदलीने झाले. हूगोव्हन्सच्या भागधारकांना आपल्या समभागांच्या बदल्यात नव्या कंपनीचे समभाग मिळाले. नव्या कंपनीत ब्रिटिश स्टीलच्या भागधारकांचा वाटा सुमारे ६२ टक्के आणि डच भागधारकांचा सुमारे ३८ टक्के ठरला. ब्रिटिश भागधारकांना प्रत्येक समभागामागे ३५ पेन्स रोखही परत मिळाले. आपल्या कुटुंबाच्या हाती ७० पौंड आले आणि २०० समभागांवर आता कोरसचे नाव लागले.

अशा अदलाबदलीत सगळा कस असतो तो गुणोत्तराचा. दोन कंपन्यांचा संसार एक झाला की त्यात कोणाचा किती वाटा, हे त्या गुणोत्तराने कायमचे ठरते. पुढे नफा झाला तर दोघांचा, तोटा झाला तरी दोघांचा. विकणारा इथे खऱ्या अर्थाने विकून मोकळा होत नाही. त्याच्या हातातल्या कागदावरचे नाव बदलते आणि तो त्याच नावेत बसून राहतो. ती नाव चांगली चालेल की नाही, हा धोका त्याच्याकडेच राहतो.

कोरसची नाव चांगली चालली नाही. ब्रिटनमधील कारखाने तोट्यात होते, डच कारखाना तुलनेने सुस्थितीत होता आणि दोन्ही बाजूंना एकमेकांविषयी संशय होता. कर्ज फेडण्यासाठी अ‍ॅल्युमिनियमचा व्यवसाय फ्रान्सच्या पेशिने कंपनीला विकायचे ठरले, तेव्हा मार्च २००३ मध्ये डच पर्यवेक्षक मंडळाने तो व्यवहार अडवला. कोरसचा भाव अवघ्या काही पेन्सांवर आला. हूगोव्हन्सच्या ज्या भागधारकांनी १९९९ मध्ये मिळालेले कोरसचे समभाग तोवर जपून ठेवले होते, त्यांना समभागांत मोबदला घेण्याचा अर्थ त्या दिवशी पुरता कळला असेल.

त्याच वर्षाच्या अखेरीस कंपनीने तगून राहण्यासाठी आपल्या भागधारकांकडे हात पसरला. बारा समभागांमागे पाच नवे समभाग, २३.५ पेन्स भावाने. यातून तीस कोटी पौंडांच्या थोडी वर रक्कम उभी राहिली. आपल्या कुटुंबाने या वेळी आणखी पैसे घातले नाहीत असे धरू. मग २००६ मध्ये पाच जुन्या समभागांचा एक नवा समभाग करण्यात आला. २०० समभागांचे ४० झाले. यात कोणाचे काही वाढले नाही वा घटले नाही. पाच नाण्यांऐवजी पाचपट किमतीचे एक नाणे हाती आले, इतकेच. पण पुढचा हिशेब करताना हे विसरले की घोटाळा होतो. ६०८ पेन्स हा आकडा १९८८ च्या १२५ पेन्सशेजारी थेट ठेवला, तर पाचपट लाभ झाल्याचा भास होतो.

आता २००६ चा शरद ऋतू. जगभर पोलादाला मागणी होती आणि त्याच वर्षी मित्तल स्टीलने युरोपातील आर्सेलॉर ही बलाढ्य कंपनी घेतली होती. मध्यम आकाराच्या प्रत्येक पोलाद कंपनीकडे बाजार आता उद्याचा गिऱ्हाईक किंवा उद्याची शिकार म्हणून पाहू लागला होता. टाटा स्टीलची वार्षिक क्षमता सुमारे पन्नास लाख टन होती. कोरसची त्याच्या तिप्पट-चौपट होती. तरीही ५ ऑक्टोबरला टाटा स्टीलने आपण कोरसच्या खरेदीचा विचार करत असल्याचे जाहीर केले.

त्याच्या आदल्या दिवशी, ४ ऑक्टोबरला, कोरसचा बंद भाव ४०७.५ पेन्स होता. पुढच्या साऱ्या हिशेबाचा पाया म्हणजे हा आकडा. ताब्याची बातमी फुटली की भाव त्या बातमीने रंगतो, म्हणून लाभ मोजायचा तो बातमीपूर्वीच्या, निर्मळ भावापासून. पण तो भावही पूर्ण निर्मळ असेलच असे नाही. कुजबुज आधी सुरू होते आणि भाव हळूहळू चढू लागतो. म्हणूनच जाणकार आदल्या दिवसाच्या भावाबरोबर आदल्या वर्षभराची सरासरीही पाहतात. कोरसची वर्षाची सरासरी होती ३६०.५ पेन्स. म्हणजे शेवटच्या दिवशीचा भाव सरासरीपेक्षा तब्बल ४७ पेन्स वर होता. त्यातले किती तेजीचे आणि किती कुजबुजीचे, हे छातीठोकपणे सांगता येत नाही.

२० ऑक्टोबरला टाटांनी ४५५ पेन्सचा रोख प्रस्ताव मांडला आणि कोरसच्या संचालक मंडळाने तो स्वीकारण्याची शिफारस केली. वर्षाच्या सरासरीशी तुलना केली तर हे २६ टक्के अधिक होते, ४ ऑक्टोबरच्या भावाशी केली तर जेमतेम १२ टक्के. पाया बदलला की औदार्य कसे बदलते, ते इथे दिसते. प्रस्ताव मांडणारा नेहमी पहिला आकडा पुढे करतो आणि नाखूश भागधारक दुसरा.

असा रोख प्रस्ताव आला की लक्ष्य कंपनीच्या समभागाचा स्वभावच पालटतो. कालपर्यंत त्याचा भाव पोलादाच्या किमती, कोळसा, मजुरी, निवृत्तिवेतनाचा बोजा यांवर हलत होता. आता तो एकाच प्रश्नावर हलतो : सौदा पुरा होईल का आणि केव्हा? समजा प्रस्ताव १०० पेन्सचा आहे आणि पैसे सहा महिन्यांनी मिळायचे आहेत. बाजारात तो समभाग ९६ वर रेंगाळेल. उरलेले चार पेन्स म्हणजे सहा महिन्यांचे व्याज आणि सौदा फिसकटण्याच्या धोक्याची भरपाई. फिसकटला तर भाव पुन्हा जुन्या पातळीकडे, कदाचित त्याहून खाली, कोसळणार. बरेच जुने भागधारक म्हणूनच या टप्प्यावर ९६ ला विकून मोकळे होतात. त्यांचे समभाग घेतात ते या चार पेन्सांवरच गुजराण करणारे फंड. ताब्याची लढाई सुरू झाली की काही आठवड्यांतच कंपनीच्या भागधारकांच्या वहीतली नावे मोठ्या प्रमाणावर बदलतात ती यामुळे. या नव्या मालकांना कंपनीच्या परंपरेशी वा कामगारांशी देणेघेणे नसते. जो जास्त देईल तो त्यांचा.

पण कधी कधी भाव प्रस्तावाच्या वर जाऊन बसतो. ४५५ ची लेखी हमी असताना कोणी त्याहून अधिक देऊन समभाग का घ्यावा? कारण एकच : त्याला वाटते की आणखी मोठी बोली येणार आहे. बाजारभाव प्रस्तावाच्या खाली आहे की वर, एवढे पाहिले तरी बाजाराचा अंदाज वाचता येतो. कोरसच्या बाबतीत हा अंदाज खरा ठरला. १७ नोव्हेंबरला बेंजामिन स्टाइनब्रुक यांची सीएसएन ४७५ पेन्स घेऊन मैदानात उतरली. सीएसएनने तोवर कोरसचे सुमारे ३.८ टक्के समभाग बाजारातून घेऊनही ठेवले होते.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात टाटांनी बोली ५०० पेन्सवर नेली. काही तासांतच सीएसएनने ५१५ चा आकडा जाहीर केला. आता ब्रिटनच्या टेकओव्हर पॅनेलने हस्तक्षेप केला. लक्ष्य कंपनी महिनोन्‌महिने टांगणीला लागून राहू नये, म्हणून तिथल्या नियमांनुसार दोन प्रतिस्पर्ध्यांचा लिलाव पुकारता येतो. ३० जानेवारी ही तारीख ठरली, जास्तीत जास्त नऊ फेऱ्या. लिलावाच्या आधीच कोरसचा भाव ५१५ पेन्सच्या बराच वर होता. ५१५ वर हे थांबणार नाही, हे बाजाराने ओळखले होते.

त्या रात्री सीएसएन ६०३ पेन्सवर थांबली. टाटांचा आकडा होता ६०८.

आता ३१ जानेवारीच्या सकाळचे कोडे उलगडता येते. त्यासाठी थोडी बेरीज-वजाबाकी पुरेशी आहे. ६२० कोटी पौंडांना ६.०८ ने भागले की समभागांची संख्या येते सुमारे १०२ कोटी. बातमीपूर्वीचा भाव ४०७.५ आणि अंतिम भाव ६०८, यांतला फरक २००.५ पेन्स. म्हणजे बाजाराने कोरसची जी किंमत मानली होती, तिच्यापेक्षा टाटांनी सुमारे २०४ कोटी पौंड अधिक मोजले. त्या वेळच्या विनिमय दराने हे जवळपास ४०० कोटी डॉलर्स होतात. यातले दीडशे कोटी पौंडांहून अधिक तर केवळ ४५५ पासून ६०८ पर्यंतच्या चढाओढीत वाढले. त्या तीन महिन्यांत कोरसची एकही भट्टी मोठी झाली नव्हती.

या जादा रकमेला अधिमूल्य म्हणतात आणि ते कोठून वसूल होणार, हा खरा प्रश्न असतो. खरेदीदाराचे उत्तर ठरलेले असते : दोन कंपन्या एकत्र आल्यावर होणाऱ्या बचतीतून. टाटा स्टीलनेही असा अंदाज दिला होता, तिसऱ्या वर्षापर्यंत दरसाल करपूर्व ३५ कोटी डॉलर्सपर्यंतची बचत. ही बचत पहिल्या वर्षापासून, कायमची आणि करमुक्त मिळेल असे अगदी उदारपणे मानले आणि दहा टक्के दराने तिचे आजचे मूल्य काढले, तर ते ३५० कोटी डॉलर्स भरते. मोजलेले अधिमूल्य होते ४०० कोटी. म्हणजे सारे काही ठरल्यासारखे घडले तरी हिशेब तुटीतच निघत होता. ज्या बचतीसाठी सौदा केला, ती संपूर्ण बचत आणि वर थोडी पदरची भर कोरसच्या भागधारकांना आधीच देऊन झाली होती. त्या सकाळी मुंबईच्या बाजाराने टाटांच्या पराक्रमाविषयी काही मत दिले नव्हते. त्याने ही वजाबाकी केली होती.

अर्थात या हिशेबाला एक प्रामाणिक उत्तर आहे. कोरसचे ४०७.५ हे मूल्यच मुळात कमी होते, पोलादाची तेजी टिकणार होती, आणि युरोपची बाजारपेठ व तंत्रज्ञान शून्यातून उभारायला याहून अधिक खर्च आला असता, असे टाटांच्या बाजूने म्हणता येत होते. सौद्याचे समर्थन याच मुद्द्यांवर झाले आणि ते सर्वस्वी पोकळ नव्हते. मात्र लिलावात जिंकणारा हा बहुतेक वेळा सर्वाधिक आशावादी अंदाज करणारा असतो. समुद्रातील तेलक्षेत्रांच्या लिलावांबाबत हे निरीक्षण अमेरिकेतील तीन तेलतज्ज्ञांनी १९७१ मध्येच नोंदवून ठेवले होते. ‘विजेत्याचा शाप’ हे नाव त्यातूनच रूढ झाले. सीएसएनचा भाव चढला तो याच शापातून ती सुटली म्हणून. शिवाय तिच्याजवळच्या कोरसच्या समभागांनाही आता ६०८ चा भाव होता. तीन कोटी चाळीस लाख समभाग होते ते, म्हणजे वीस कोटी पौंडांहून अधिक. हरणाऱ्याची झोळी इतकी भरलेली क्वचितच असते.

कोरसच्या भागधारकांचे पुढे काय झाले, ते थोडक्यात सांगता येईल. सौदा न्यायालयाच्या मंजुरीने होणाऱ्या योजनेच्या मार्गाने झाला. या मार्गात मतदान करणाऱ्या भागधारकांपैकी संख्येने निम्म्याहून अधिक आणि समभागांच्या मूल्याने किमान ७५ टक्के जण अनुकूल असावे लागतात. ही दुहेरी अट पुरी झाली आणि न्यायालयाने मोहोर उठवली की योजना सर्वांवर बंधनकारक होते, विरोधात मत देणाऱ्यांवर आणि पाकीट न उघडणाऱ्यांवरही. ७ मार्च २००७ रोजी कोरसच्या भागधारकांनी मान्यता दिली. २ एप्रिलला योजना अमलात आली. लंडनच्या बाजारातून कोरसचे नाव उतरले आणि जुन्या भागधारकांना समभागाऐवजी रोख रक्कम मिळाली.

१९८८ च्या त्या कुटुंबाच्या ४० समभागांचे झाले २४३ पौंड २० पेन्स. मूळ गुंतवणूक २५० पौंडांची होती. मधल्या काळातला लाभांश आणि १९९९ चे ७० पौंड धरले, तर ते कुटुंब तोट्यात नव्हते. पण १८ वर्षांच्या मानाने, महागाई लक्षात घेता, हाती फारसे काही लागले नव्हते. याउलट २००३ मध्ये, कंपनी बुडते की काय अशा वेळी, २३.५ पेन्सला नवे समभाग घेणाऱ्याचा भाव नव्या मापाने ११७.५ पेन्स पडला होता. त्याला चार वर्षांच्या आत पाचपटीहून अधिक पैसे मिळाले. ‘लक्ष्य कंपनीच्या भागधारकांची चांदी झाली’ असे सरसकट म्हटले जाते, तेव्हा कोणत्या भागधारकाची, हा प्रश्न विचारायला हवा. तो कधी आत आला, यावर सारे अवलंबून असते.

एक गोष्ट मात्र त्या सर्वांच्या बाबतीत समान होती. २ एप्रिलनंतर पोलादाचे काहीही झाले तरी त्यांना त्याची झळ लागणार नव्हती. १९९९ मध्ये हूगोव्हन्सच्या भागधारकांनी समभाग घेतले होते आणि धोका उशाशी ठेवला होता. २००७ मध्ये कोरसच्या भागधारकांनी रोख घेतली आणि तो धोका सगळाच्या सगळा सातासमुद्रापार, टाटा स्टीलच्या भागधारकांच्या उशाशी गेला.

त्यांच्याकडे आता वळू. खरेदीच्या पैशांचा मोठा भाग कर्जाचा होता आणि ते कर्ज बव्हंशी ब्रिटनमधील कंपन्यांच्या नावावर घेतले होते. पण टाटा स्टीलला स्वतःचेही भांडवल घालावे लागले आणि त्यासाठी २००७ च्या अखेरीस कंपनी आपल्या भागधारकांकडे आली. पाच समभागांमागे एक हक्कभाग, ३०० रुपयांना. त्याशिवाय दहा समभागांमागे नऊ अधिमान भाग, प्रत्येकी १०० रुपयांना, दोन टक्के लाभांशाचे. असे सहा अधिमान भाग सप्टेंबर २००९ मध्ये सक्तीने एका समभागात बदलणार होते. म्हणजे तो समभाग ६०० रुपयांना पडणार होता. दोन्ही मिळून नऊ हजार कोटी रुपयांच्या वर भांडवल उभे राहिले.

ज्याच्याकडे टाटा स्टीलचे १०० समभाग होते, अशा भागधारकापुढे आता निवड होती. २० हक्कभागांचे ६००० रुपये आणि ९० अधिमान भागांचे ९००० रुपये भरायचे, किंवा हक्क दुसऱ्याला विकायचा, किंवा स्वस्थ बसायचे. स्वस्थ बसणाऱ्याचे नुकसान सर्वांत अधिक. समभागांची एकूण संख्या वाढते, नवे समभाग बाजारभावापेक्षा स्वस्तात दिलेले असतात आणि याचा मालकीतला वाटा मात्र तेवढ्याने आकसतो. ज्याने १५ हजार भरले, त्याला सरतेशेवटी ३५ नवे समभाग मिळायचे होते, सरासरी सुमारे ४२९ रुपयांना. त्या वेळी हा सौदा उत्तम दिसत होता. जानेवारीतली घसरण भरून निघाली होती, पोलादाची तेजी शिगेला होती आणि २००८ उजाडताना भाव ९०० रुपयांच्या पलीकडे गेला होता. ३१ जानेवारीला घाबरून विकणाऱ्यांची वर्षभर यथेच्छ थट्टा झाली असेल. २००७-०८ या वर्षात टाटा स्टील समूहाचा एकत्रित नफा १२ हजार कोटी रुपयांच्या वर गेला.

मग सप्टेंबर २००८ आला. लेहमन ब्रदर्स कोसळली, मोटारी आणि इमारतींचे काम थंडावले, युरोपातील पोलादाची मागणी आटली. वर्ष संपायच्या आत टाटा स्टीलचा भाव २०० रुपयांच्या खाली होता. हक्कभागांचा भाव ३०० होता, हे इथे आठवावे. सप्टेंबर २००९ मध्ये अधिमान भागांचे समभाग झाले, तेव्हाही बाजारभाव ६०० पर्यंत पोचलेला नव्हता. २००९-१० मध्ये समूहाला दोन हजार कोटींच्या आसपास तोटा झाला.

या पडझडीचे सारे खापर कोरसवर फोडणे बरोबर होणार नाही. मंदीत जगातील सगळ्याच पोलाद कंपन्या पडल्या. म्हणूनच एखाद्या सौद्याचे फळ मोजताना अभ्यासक एकट्या समभागाचा आलेख पाहत नाहीत. बाजाराच्या निर्देशांकाची आणि त्याच उद्योगातील इतर कंपन्यांची चाल त्यातून वजा करतात. तरीही जितकी वर्षे लोटतात, तितके हे वजा करणे अवघड होते. पहिल्या दिवसाची घसरण नेमकी मोजता येते, पण ती अंदाजाची असते. दहाव्या वर्षाची स्थिती वस्तुस्थिती असते, पण तिच्यातला सौद्याचा वाटा वेगळा काढता येत नाही.

एका ठिकाणी मात्र खुद्द कंपनीच्या हिशेबवह्यांनी साक्ष दिली. एखादी कंपनी तिच्या निव्वळ मालमत्तेच्या किमतीपेक्षा अधिक देऊन घेतली, तर ती जादा रक्कम खरेदीदाराच्या ताळेबंदात ‘गुडविल’ या नावाने मालमत्ता म्हणून लिहिली जाते. ती दिसत नाही, विकता येत नाही. पुढे कमाई होईल या भरवशावर ती वहीत उभी असते. तो भरवसा ओसरला की ती खोडावी लागते. मे २०१३ मध्ये टाटा स्टीलने प्रामुख्याने युरोपीय व्यवसायापोटी आठ हजार कोटी रुपयांहून अधिक, म्हणजे सुमारे १६० कोटी डॉलर्स, असे वहीतून खोडले. त्या वर्षी समूहाचा तोटा सात हजार कोटींच्या वर गेला. यातून त्या दिवशी रोख एक रुपयाही बाहेर गेला नाही. तो सहा वर्षांपूर्वीच कोरसच्या भागधारकांच्या खात्यात जमा झालेला होता.

दरम्यान जमशेदपूरचा कारखाना नफा कमावत राहिला आणि युरोपातील तोट्याचा भार सोसत राहिला. २०१६ मध्ये टाटा स्टीलने स्कन्थॉर्पसह ब्रिटनमधील लांब पोलादाचा व्यवसाय, रूळ आणि तुळया बनवणारे कारखाने, एका गुंतवणूक कंपनीला विकला. ठरलेली किंमत होती एक पौंड. नव्या मालकांनी त्या कंपनीला जुनेच नाव पुन्हा दिले : ब्रिटिश स्टील.